टेस्टिंग की डेव्हलपमेंट?

माझी भाची यंदा बीसीए झाली. टेस्टरची नोकरी हातात होती. पण घरात सगळे म्हणत, कोड लिहितो तोच खरा इंजिनिअर. माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने त्यालाच विचारलं, "मामू, काय घेऊ?"

तो म्हणाला, "१८ ते ६० वयाचेच अर्ज घ्यायचे आहेत. कसं तपासशील?"

"२५ टाकून बघेन."

"ते चालेलच. चूक बहुधा काठावर असते. १७, १८, ६०, ६१ टाक."

मला पटलं. आम्ही शिक्षकही ३५ गुणांच्या आसपासचे पेपर दोनदा पाहतो.

त्याने कागदावर लिहिलं:

```
if age > 18 and age <= 60:
```

"मामू, यात बरोबर १८ वर्षांच्या मुलाचा अर्ज नाकारला जाईल! `>=` हवं."

"मजा कशात आली? शोधण्यात की दुरुस्त करण्यात?"

"शोधण्यात."

"मग टेस्टिंग घे. पण नुसती बटणं दाबत बसू नकोस. हे चारही आकडे आपोआप तपासणारा कोड लिहायला शीक. काही वर्षं कोड लिहिलाच नाहीस, तर पुढे डेव्हलपमेंटकडे वळणं जड जाईल."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "आणि कुणी वयाची जागा रिकामीच सोडली तर? किंवा अक्षरात 'अठरा' लिहिलं तर?"

भाऊ हसला. निर्णय झाला होता.