पाठच्या भावाचं दुःख

भाऊ गेलेल्या माणसाला लोक विचारतात, ‘आई कशी आहे? वहिनी सावरल्या का? मुलांचं काय?’ तो स्वतः कसा आहे हे फारसं कुणी विचारत नाही. कारण खांदा द्यायला तोच पुढे असतो, रामकुंडावर दहाव्याची तयारी तोच बघतो, आल्यागेल्यांना चहाही तोच विचारतो. घरातल्या दुःखाच्या रांगेत भावंड शेवटी उभं असतं. अशा मित्रासाठी कविता लिहायची, तर तिचं पहिलं काम त्याला त्याची जागा परत देणं हे आहे.

आमच्या नाशिकपासून जवळच, त्र्यंबकेश्वरला, निवृत्तिनाथांची समाधी आहे. 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्यामागोमाग सोपान गेला, मुक्ताई गेली, आणि 1297 मध्ये निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी विसावले. तोवर तिन्ही धाकट्यांना निरोप देणं या थोरल्याच्या वाट्याला आलं होतं. नामदेवांच्या गाथेतले समाधीचे अभंग मी याच नजरेनं वाचतो. त्यात ज्ञानेश्वरांचा एक हात देवानं धरलेला आहे आणि दुसरा निवृत्तींनी. निवृत्ती ज्ञानेश्वरांचे गुरू. आत्मा अमर आहे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, आणि नामदेव ते सांगतही नाहीत. कोण कुठे उभं होतं, कुणाचा हात कुणाच्या हातात होता, एवढं ते नोंदवतात आणि गुरूचा सुटलेला धीर झाकत नाहीत. मित्रानं लिहायचं ते असं.

गेल्या वर्षी निफाडकडच्या एका मित्राचा धाकटा भाऊ गेला. मित्र द्राक्षबागायतदार. त्याच्यासाठी मी अभंगाचा मोठा छंद घेतला : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. या छंदात शेवटचा चरण चार अक्षरांतच थांबतो, त्यामुळे हुंदका लांबवता येत नाही आणि विशेषणांना जागाच उरत नाही.

मग सामग्री शोधली. ‘काळाचा घाला’, ‘देवालाही चांगली माणसं आवडतात’, ‘जाणारा जातो’ हे सगळं बाजूला ठेवलं. यातली ओळ ओळखायची खूण सोपी आहे : ती दुसऱ्या कुणाच्याही निधनाला जशीच्या तशी चालते. मला हवं होतं ते फक्त या दोघांचंच. ऑक्टोबर छाटणीला दोघे भाऊ एकाच ओळीच्या दोन टोकांना कात्री घेऊन सुरू करायचे आणि मधे भेटले की पाणी प्यायचे. हे मी बांधावरून अनेकदा पाहिलं होतं. त्यातून हे उतरलं :

दोघे दोन टोकां । धरायचे ओळ ।
पाण्याची ती वेळ । मधोमध ॥

यंदा मधोमध । थांबशील जेव्हा ।
समोरच तेव्हा । अर्धी ओळ ॥

आईचे, पोरांचे । पुसतात सारे ।
तुझे कसे बा रे । पुसतो मी ॥

यात ‘मृत्यू’, ‘आठवण’, ‘अश्रू’ हे शब्द नाहीत. मुद्दाम टाळायचे असं काही ठरवलं नव्हतं. अर्धी ओळ समोर आल्यावर त्यांचं काम उरलं नाही. ‘बाकीची ओळ मी छाटीन’ असं म्हणायचा मोह होतो, पण भावाची जागा मित्राला घेता येत नाही, आणि कात्री मला धरता येत नाही. जे पाळता येणार नाही ते कवितेत कबूल करू नये. विचारणं मात्र मला जमतं, म्हणून शेवट त्यावर केला.

लिहून झाल्यावर मी कविता मोठ्यानं वाचतो. वाचताना आवाज आपोआप चढला, तर त्या ठिकाणी दुःख त्याचं राहिलेलं नसतं, मी ते मिरवत असतो. तो शब्द काढायचा किंवा साधा करायचा. दुसरी चाळणी अशी, की कविता घरच्या माणसानं वाचली तर त्याला काही नवं कळून त्रास होणार नाही ना? आजारपणाचे, भांडणाचे, वाटणीचे तपशील कितीही खरे असले तरी इथे येऊ नयेत.

द्यायची वेळही बघावी लागते. दहा-तेरा दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, कागद कुठेतरी हरवतो. मी महिन्याभरानं, छाटणी सुरू व्हायच्या आधी, हातानं लिहून पाकिटात घालून दिली. ग्रुपवर टाकली नाही, कारण तिथे टाकली की त्याला शंभर लोकांसमोर हात जोडावे लागतात. आणि दिल्यानंतर ‘वाचलीस का, कशी वाटली’ हे विचारायचं नाही. त्याऐवजी कवितेत जे विचारलं आहे, तेच पुढच्या भेटीत विचारायचं, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं.