रात्रीच्या गाडीत एक जण जागा हवा

मुलीचे बाळंतपण माहेरी आटोपले की आजीला एक प्रवास चुकत नाही. मुलीला आणि नातवंडाला सासरी पोहोचवण्याचा. माझी नात चार महिन्यांची झाली तेव्हा आम्ही तिघी छत्रपती संभाजीनगरहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला निघालो. त्या रात्री माझ्या हातून घडलेली चूक आपल्या हातून घडू नये, म्हणून हे लिहिते आहे.

गाडी सुटल्यावर मुलीला म्हणाले, "तू नीज, मी घेते हिला." बाळाला छातीशी धरून, वर शाल घेऊन मी खिडकीला टेकून बसले. रोटेगाव गेल्याचे आठवते. मग गाडीच्या हेलकाव्यांनी माझा डोळा लागला. मनमाडला फेरीवाल्यांच्या आवाजाने मुलगी जागी झाली आणि घाबरून म्हणाली, "आई, तिचं तोंड कुठंय?" बाळ घसरून माझ्या कुशीत आले होते. हनुवटी छातीला टेकलेली, नाक शालीत रुतलेले. उचलताच ती रडली आणि आमचा जीव भांड्यात पडला.

लहान बाळाची मान अद्याप कमकुवत असते. हनुवटी छातीवर टेकली की श्वासाची वाट अरुंद होते, आणि नाकापुढचे कापड स्वतः दूर सारण्याइतके बळ त्याच्या अंगी नसते. असे गुदमरणारे बाळ बहुधा रडत नाही, हेच खरे भय. म्हणून बाळाला कुशीत घेऊन बसल्या बसल्या झोपणे हे धोक्याचे आहे.

त्यानंतर आम्ही रात्र वाटून घेतली. खालच्या बर्थवर घट्ट घडी केलेली चादर अंथरली, उशी बाजूला केली आणि बाळाला भिंतीच्या बाजूला पाठीवर निजवले. एकीने बर्थच्या कडेला जागे बसायचे, दुसरीने समोरच्या बर्थवर झोपायचे. दोन तासांनी पाळी बदलायची. अरुंद बर्थवर बाळाशेजारी आडवे होऊन झोपलो नाही, कारण झोपेत बाळ भिंत आणि अंग यांच्यामध्ये दबू शकते. थंडी वाजते म्हणून हातपाय चाचपू नयेत. ते गारच लागतात. मानेमागे हात लावावा. तेथे घाम असेल तर एक कपडा कमी करावा. डब्यात टोपडे काढून ठेवावे आणि पांघरूण छातीच्या वर येऊ देऊ नये.

आरक्षण करताना खालचा बर्थ मागावा. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण वेगळा बर्थही मिळत नाही. २०२२ साली लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला बाळाचा छोटा बर्थ प्रयोग म्हणून बसवला होता. आपल्या गाडीत तो असेल असे मात्र धरून चालू नये. रात्रीच्या बसमध्येही हाच नियम: बाळ ज्याच्या हाती, तो जागा. झोळीत घेतले असेल तर बाळाचा चेहरा सतत दिसावा.

अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत पाणीही लागत नाही, उन्हाळ्यातसुद्धा. आमच्या बाळाला एक वेळ पावडरचे दूध होते. ते घरून तयार करून नेले नाही. उकळते पाणी चांगल्या थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर कोरड्या डबीत वेगळी ठेवली. कालवताना पाणी निदान ७० अंश गरम हवे, कारण पावडर जंतुविरहित नसते. थर्मास उघडल्यावर वाफ उठली नाही, तर ते पाणी वापरू नये. कालवलेले दूध निववून, मनगटावर थेंब टाकून पाहावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. पिऊन उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

लंगोट बदलायला स्वतःचे मेणकापड न्यावे. बर्थवर ते पसरून त्यावरच बदलावे, आणि दूध कालवण्याआधी दर वेळी साबणाने हात धुवावेत. हात दिसण्यात मळलेले असतील तेव्हा सॅनिटायझर पुरत नाही. वापरलेले डायपर पिशवीत गाठ मारून कचरापेटीत टाकावे. शौचकुपात टाकल्यास ते तुंबते आणि साऱ्या डब्याचे हाल होतात.

कल्याण आले तेव्हा माझी पाळी होती. डोळे चुरचुरत होते. नात पाठीवर, मुठी उघडून, शांत झोपली होती. वयपरत्वे आपल्याला रात्री जागवत नसेल, तर तसे मुलीला आधीच सांगावे आणि तिसरे माणूस सोबत घ्यावे. "मी घेते, तू नीज" हे शब्द मायेचे खरे. पण ते म्हणण्याआधी आपला डोळा लागणार नाही ना, हे स्वतःला विचारावे.