आमचं विमान मुंबईहून निघालं का?

आईला दुबईला ताईकडे पाठवायचं होतं. जानेवारीत दोन वेगवेगळी तिकिटं काढली. चिकलठाण्याहून मुंबई ४ एप्रिलला संध्याकाळी ७.४० ला आणि मुंबईहून दुबई ५ तारखेला पहाटे २.१५ ला. पहाटेच्या विमानासाठी ४ च्या रात्रीच विमानतळावर पोहोचायचं असतं, हे मी आईच्या कागदावर लाल पेनाने लिहिलं. बाकी चिंता नव्हती. मुकुंदवाडीतल्या आमच्या घरापासून विमानतळ रिक्षाने दहा मिनिटांवर, तेव्हा साडेपाचला निघायचं ठरलं.

३ तारखेला संध्याकाळी भाजी निवडता निवडता आईने विचारलं, "अरे, उद्याचं नक्की आहे ना? एकदा बघून तरी घे."

मी विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आईचं आडनाव टाकलं. वेळ होती ५.२५. आधी वाटलं, चुकीचं तिकीट उघडलं. पुन्हा टाकलं, तरी ५.२५ च. खाली मुंबईचं टर्मिनलही बदललं होतं. आमच्या छापील तिकिटावर टी २ होतं, इथे टी १. साडेपाचला घरातून निघालो असतो तर आम्ही रिक्षात बसण्याआधीच विमान उडालेलं असतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी विमानांचं उन्हाळी वेळापत्रक लागू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. जानेवारीत काढलेलं एप्रिलचं तिकीट या सांध्यावरून पलीकडे जातं, म्हणून त्याची वेळ बदलण्याची शक्यता जास्त. विमान उशिरा निघणार असेल तर माणूस फार तर ताटकळतो. वेळ अलीकडे आली तर मात्र विमानच चुकतं.

पण मेसेज का आला नाही? तिकीट ओळखीच्या एजंटाकडून काढलं होतं आणि बुकिंगमध्ये मोबाइल नंबर, ईमेल दोन्ही त्याचेच होते. फोन केल्यावर त्याने शोधलं. मेसेज पंधरा दिवसांपूर्वी आलेला होता, शंभर मेसेजांच्या खाली गेलेला. मी त्याच रात्री कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून बुकिंगमध्ये माझा नंबर घालून घेतला.

आता खरी अडचण टर्मिनलची होती. मुंबईचं टी १ सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला आणि टी २ अंधेरीत सहारला. मधलं अंतर पायी जाण्यासारखं नाही, बाहेर पडून गाडीनेच जावं लागतं. तिकिटं वेगळी असल्याने आईची बॅग आपोआप पुढे जाणार नव्हती, टी १ ला पट्ट्यावरून उतरवून घ्यावी लागणार होती. आईचे गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअर सांगितली होती, पण ती पहिल्या कंपनीची. ती टी १ च्या दारापर्यंतच सोबत येणार. टी २ ला दुबईच्या कंपनीची दुसरी. त्या बुकिंगवर नोंद आहे का, हेही मी त्या रात्री पाहिलं. नव्हती. ती करून घेतली. पार्ल्याच्या मामेभावाला फोन लावला, "दादा, आत्याला टी १ च्या बाहेर घ्यायला ये, टी २ ला नको." तो म्हणाला, "बरं झालं आज सांगितलंस."

आदल्या दिवशी कळतं ते एवढंच, वेळापत्रकातली वेळ आणि टर्मिनल. विमान प्रत्यक्षात कधी निघणार ते दुसऱ्या दिवशीच कळतं. मुंबईहून येणारं विमान बऱ्याचदा इथे प्रवासी उतरवून, नवे घेऊन परत मुंबईला जातं. म्हणून ४ तारखेला दुपारी मी आमच्या विमानाबरोबर मुंबईहून येणाऱ्या विमानाचा नंबरही पाहत होतो. आमच्या विमानापुढे 'On Time' लिहिलेलं होतं, पण येणारं विमान अजून मुंबईतच उभं होतं. ते चाळीस मिनिटं उशिरा सुटलं आणि त्यानंतर कुठे आमची वेळ बदलली. आम्ही मात्र घरातून नव्याने ठरवलेल्या वेळीच, साडेतीनला निघालो होतो. विमानाला उशीर झाला म्हणून काउंटर उशिरा बंद होईल असं धरून चालत नाही. देशांतर्गत विमानाचा काउंटर सहसा वेळापत्रकातल्या वेळेच्या तासभर आधी बंद होतो.

गेटचं तर आदल्या दिवशी बघूनही उपयोग नाही. चिकलठाण्याला एकच छोटं टर्मिनल, तिथे चुकायला जागा नाही. टी २ मात्र अफाट. मी आईला सांगून ठेवलं होतं, बोर्डिंग पासवरचा गेट नंबर पाठ करू नकोस, सिक्युरिटीतून आत गेल्यावर फलकावर बघ आणि बसल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा बघ.

रात्री साडेबाराला तिचा फोन आला. आवाजात दम होता. "अरे, कागदावरचा नंबर बदलला बरं का. मी फलकावर बघितलं अन् त्या खुर्चीवाल्या पोराला सांगितलं. आता नव्या गेटसमोर बसलेय. डबा उघडू का?"