गुरुवारची बॅच

डोंबिवलीत दहावीच्या गणिताच्या माझ्या दोन बॅच आहेत. एक सोम-बुध-शुक्र, दुसरी मंगळ-गुरू-शनि, दोन्ही सहा ते साडेसात. 2025मध्ये घसा बसला आणि डॉक्टरांनी रविवारचं बोलणं बंद केलं. बुडालेला तास भरून काढायची माझी हक्काची जागा गेली.

त्या वर्षीची दिनदर्शिकाही शनि-गुरूच्याच मुळावर आली होती. पंधरा ऑगस्ट, गणेश चतुर्थी, गौरीपूजन, नरक चतुर्दशी आणि पाडवा असे पहिल्या बॅचचे पाच तास गेले. दुसरीचे आठ: दहीहंडी, दीड दिवसाचं विसर्जन, गौरीविसर्जन, अनंत चतुर्दशी, गुरुवारी आलेला दसरा, धनत्रयोदशी, लक्ष्मीपूजन, भाऊबीज. फी मात्र दोघांना सारखीच, पाच तारखेला. एका आईने विचारलं, "मॅडम, तीन तासांचे पैसे कमी करणार का?" मी नाही म्हटलं. फी जून ते फेब्रुवारीच्या अभ्यासक्रमाची असते, तिचे फक्त सारखे हप्ते पाडलेले असतात. पगार सात तारखेला होणाऱ्या घरांना मी दहापर्यंत मुदत देते, पण तासांच्या हिशेबाने फी कापत नाही. एकदा कापली की पाच शनिवारांच्या महिन्यात जास्त मागावी लागेल. माझ्यावर तीन तासांचं देणं आहे, ते मी शिकवूनच फेडणार.

दोन्ही बॅच एकत्र बसवून ते फिटत नाही. एक समरूपतेच्या शेवटाला असते, दुसरी अजून प्रमेयावर. म्हणून दिवाळीनंतर मी मागे पडलेल्या बॅचला रोज अर्धा तास जास्त बसवलं. असे तीन अर्धे तास म्हणजे बॅचचा एक तास, म्हणजे तीन आठवड्यांत देणं फिटतं. नववीची मुलं आठला येतात, तोवर खोली मोकळीच असते.

अडचण त्या अर्ध्या तासाच्या आतली आहे. साडेसातनंतर नवं काही शिकवलं, तर मुलं माना डोलावतात आणि वहीत त्रिकोणांच्या शिरोबिंदूंचा क्रम उलटा लिहितात. एकास एक संगती चुकली की थकलीत हे ओळखावं. त्यामुळे प्रमेय सहाला, आणि त्या अर्ध्या तासात फक्त उदाहरणं. मुलं सोडवतात, मी न बोलता वह्या बघत फिरते. घशाला तेच सोसतं. पण प्रत्येक प्रकरण असं मागेपुढे करता येत नाही. भूमितीच्या रचना सलगच शिकवाव्या लागतात, त्यांना मी अजून जागा शोधतेय.

स्टेशनजवळच्या मोठ्या क्लासमध्ये वर्षाची फी जूनमध्येच घेतात आणि बुडालेल्या तासाचा व्हिडिओ पाठवतात. मला ते फसवणुकीसारखं वाटतं. व्हिडिओला उलटा क्रम दिसत नाही. "मॅडमचा तास कधी बुडत नाही" असं सोसायटीत कुणी म्हटलं की मला फार बरं वाटतं, आणि त्या बोलण्यासाठी मी घशालाही न जुमानता रविवार घेतला असता, हेही खरं. त्या डिसेंबरातला नाताळ पुन्हा गुरुवारीच होता. त्या आठवड्यात बॅच बुधवारी घ्यायची ठरवली होती, दुपारी तीनला, कारण संध्याकाळी तिथे दुसरी मुलं असतात. शाळा सुटून तीनला किती जण पोचतील, ते आधीच विचारून ठेवलं होतं.