एका फोटोखालच्या ओळी

सध्या माझा एकच उद्योग चालू आहे. घरातले जुने फोटो कॉम्प्युटरवर चढवायचे आणि प्रत्येकाखाली दोन भाषांत ओळी लिहायच्या. बघणारी मंडळी सांगली, पुणे, बंगळूर, न्यू जर्सी आणि मेलबर्न अशी पांगलेली. काहींना मराठी वाचता येतं, काहींना ऐकून कळतं पण वाचता येत नाही, आणि धाकट्या पातीला दोन्ही जेमतेम.

मराठी ओळ लिहायची आणि तिचं इंग्रजी करून खाली टाकायचं, एवढं सोपं हे नाही. एकच फोटो घेऊन सांगते. मे १९५८, आमच्या दादाची मुंज, मातृभोजन चाललं आहे. मराठीत 'मातृभोजन' हा एक शब्द पुरतो, त्याच्यापुढे फक्त कोण कोण आहे ते हवं. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र आई मुलाला भरवते आहे एवढंच दिसतं, आणि त्यात काय विशेष, असं वाटतं. म्हणून तिथे लिहावं लागलं की मुंजीआधी आईच्या ताटात जेवायची ही शेवटची वेळ, त्यानंतर तिचं उष्टं खायचं नाही. आईचे डोळे असे का दिसतात, हे त्या एका वाक्याने कळतं.

मग नाती. या फोटोत काकू आहे, मामी आहे, दोन मावश्या आहेत. इंग्रजीत चौघीही 'आंट'! शिवाय माझी काकू ही माझ्या नातीची कोण, हे तिने कसं जुळवायचं? मी एक नेम ठरवला. इंग्रजी ओळीत आधी नाव, मग आमच्या अण्णांशी, म्हणजे वडिलांशी, असलेलं नातं: अण्णांच्या धाकट्या भावाची बायको, अण्णांची मेहुणी. सगळी पाती अण्णांपासून मोजू शकते. काकूची नावं मात्र दोन द्यावी लागली. सांगलीच्या तिच्या माहेरी ती कमल, आमच्याकडे सुधा. एकच नाव लिहिलं तर निम्मे नातेवाईक तिला ओळखणार नाहीत.

जी मुलं 'आत्या' म्हणतात पण वाचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तो शब्द रोमन अक्षरांत तसाच ठेवते. Atya, Aatya, Attya अशी तीन रूपं प्रचारात आहेत. मी Atya पक्कं केलं, कारण शोधायला गेलं तर एका रूपाने लिहिलेलं दुसऱ्याने सापडतंच असं नाही. तारखेत महिना अक्षरांत लिहिते. ५/६ म्हणजे आपल्याकडे पाच जून आणि अमेरिकेत सहा मे.

आता या फोटोतली अवघड जागा. उजव्या कडेला माजघराच्या दारात एक म्हातारी बाई अर्धी दिसते. डोक्यावरून पदर, अंगावर दागिना नाही. ती अण्णांची आत्या, आमची आत्याआजी. लहानपणीच विधवा झालेली, केशवपन केलेली. फोटो काळा-पांढरा असल्याने अलवणाचा लाल रंग दिसत नाही, पण आमच्या वयाच्या माणसाला सांगावं लागत नाही. मराठीत 'दारात आत्याआजी' एवढ्यावर भागत होतं.

इंग्रजीत काय लिहावं याचा विचार चालू असतानाच भाचीच्या मुलीने मेलबर्नहून विचारलं, "ही मेड आहे का?"

मला रात्रभर झोप आली नाही. जिने अण्णांना वाढवलं, त्या मुंजीचं सगळं सोवळ्याचं रांधलं, ती मोलकरीण! पण पोरीचं काय चुकलं? फोटोत दिसतं ते तसंच.

एका चुलतभावाचं मत पडलं की घरातलं हे परक्या भाषेत कशाला उगाळायचं, 'अण्णांची आत्या' लिही आणि सोड. त्याचा संकोच मला समजतो. पण मग ती दारात का उभी आहे, याचं उत्तर कुठेच राहत नाही. म्हणून इंग्रजीत लिहिलं: ही अण्णांची आत्या, अण्णांना हिनेच वाढवलं. विधवेने मंगलकार्यात पुढे यायचं नाही अशी तेव्हा रीत होती, म्हणून ती दारात आहे. पंगतीतलं जेवण तिने केलं आहे.

आणि मग हेच मराठीतही लिहिलं. कारण पुण्यातल्या माझ्या नातवालाही ते ठाऊक नव्हतं. त्याला अक्षरं येतात, पण दारातल्या त्या उभं राहण्याचा अर्थ वाचता येत नाही.

पंगतीत डावीकडून तिसरा मुलगा कोण, हे मात्र अजून लागलेलं नाही. तिथे दोन्ही ओळींत प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. सांगलीकर मंडळी, ओळखलंत तर कळवा.