पाच ताऱ्यांची किंमत

दुकानदाराने पाच तारे मागावेत आणि त्याबदल्यात बिलातून पन्नास-शंभर रुपये कमी करावेत, यात मला परवापरवापर्यंत काहीच वावगं वाटत नव्हतं. नाशिकमध्ये कॉलेज रोड असो की रविवार कारंजा, काउंटरवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो: ‘गूगलवर पाच स्टार द्या, सूट मिळवा’. माझा हिशेब सरळ होता. वस्तू मला आवडलीच आहे, तारे मी दिलेच असते, मग दुकानदार खूश होऊन चार पैसे सोडत असेल तर बिघडलं कुठे? शिवाय मोठ्या कंपन्यांकडे जाहिरातीला पैसा असतो, छोट्या दुकानदाराची हीच जाहिरात, असंही मी घरात ठासून सांगायचे.

मत बदललं ते आमच्याकडचा मिक्सर नेहमी दुरुस्त करणाऱ्या काकांमुळे. काम चोख, बिल रास्त, पण गूगलवर त्यांचं रेटिंग चारच्या आसपास. त्यांच्याच गल्लीत नवं दुकान आलं आणि थोड्याच दिवसांत साडेचारच्या वर गेलं. काका म्हणाले, “ताई, नवं गिऱ्हाईक फोनवर आकडा बघून तिकडेच वळतं. मी पन्नास रुपये वाटू का आता?” त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन मी आकडेमोड केली. समजा एका दुकानाला चाळीस जणांनी तारे दिलेत आणि सरासरी 4.0 आहे. म्हणजे एकूण 160 तारे. आता साठ गिऱ्हाइकांना पन्नास-पन्नास रुपये सूट देऊन पाच-पाच तारे घेतले, की 300 तारे वाढतात. शंभर जणांचे 460, म्हणजे सरासरी 4.6. खर्च तीन हजार रुपये. आधीच्या चाळिसांत कुणी ‘मोटर महिन्यात जळली’ असं लिहिलं असेल तर ते खोडलं जात नाही, फक्त खाली दबून जातं. त्या साठांतला प्रत्येक जण माझ्यासारखाच म्हणत असेल, मी कुठे खोटं बोललो? पण सूट तारे देणाऱ्या सगळ्यांना नव्हती, पाच देणाऱ्यांनाच होती. तीन तारे देणाऱ्याने पूर्ण बिल भरलं आणि बहुतेक तो काही न लिहिताच निघून गेला. एकेक अभिप्राय खरा असूनही सरासरी खोटी ठरते ती इथे. त्यातही तारे काउंटरवरच घेतले जातात, मिक्सर घरी लावण्याच्या आधी. तेव्हा फार तर दुकानदाराच्या वागण्याबद्दल सांगता येईल, दुरुस्तीबद्दल नाही.

नियम काय सांगतात तेही पाहिलं. सूट किंवा पैसे देऊन मिळवलेले अभिप्राय गूगल मॅप्सच्या धोरणात बसतच नाहीत, मग तारे कितीही असोत. आपल्याकडे नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोचं आयएस 19000 हे ऑनलाइन अभिप्रायांचं मानक आलं, पण ते ऐच्छिक आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय टाकायचा नाही. इथे मात्र लिहिणारा खराखुरा ग्राहकच असतो, म्हणून ही पळवाट उरते. अमेरिकेत ऑक्टोबर 2024 पासून ती बंद झाली: चांगलंच लिहा या अटीवर काहीही देणं तिथे नियमाने मना आहे.

आता मी काय करते? काउंटरवर सांगते, “सूट द्यायची तर अशीच द्या, तारे मी वापरून झाल्यावर देईन.” पुष्कळदा सूट मिळते, कारण तेवढी जागा दुकानदाराने भावात आधीच ठेवलेली असते. नाही मिळाली तर पूर्ण बिल भरते. काउंटरवरच्या मुलाशी वाद घालत नाही, तो मालकाने सांगितलेलं काम करत असतो. रागाने एक ताराही देत नाही, कारण वस्तू चांगली असताना एक तारा देणं हेही वाचणाऱ्याला फसवणंच. वस्तूचे तारे वस्तूला द्यायचे आणि सवलतीच्या पाटीचा फोटो काढून तक्रार वेगळी करायची. पार्सलमध्ये ‘स्क्रीनशॉट पाठवा, पैसे परत घ्या’ असं कार्ड निघालं तर त्याचा फोटो त्या संकेतस्थळाकडेच पाठवायचा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

सूट घेऊन दिलेले माझे जुने तारे मी एकेक करून उघडले. जिथे वस्तू टिकली तिथे पाच ठेवले आणि सूट घेतल्याचं खाली लिहिलं, जिथे नाही टिकली तिथे कमी केले. अभिप्राय नंतरही बदलता येतो. तुमच्या फोनमध्येही असे तारे असतील, तर या आठवड्यात तेवढे उघडून पाहा.