दिखावा बंद, मेमरी तेवढीच

संपादकांचा निरोप आला, ‘जुना कॉम्प्युटर वेगवान कसा करावा, यावर सोप्या भाषेत लिहा, आकडे फार नकोत.’ ही अट माझ्याकडून पाळली जाईल असं वाटत नाही, कारण या विषयातला निम्मा गोंधळ आकडे न बघितल्यामुळेच झाला आहे. शिवाय ‘वेगवान कसा करावा’ हा विषय एका लेखात मावत नाही. म्हणून एकच उपाय घेतो, जो हल्ली माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधीच करून आलेलं असतं: विंडोजमधली अ‍ॅनिमेशनं, पारदर्शकता, सावल्या बंद करायच्या, म्हणजे म्हणे मेमरी मोकळी होते.

निमित्त आहे एका ताईंचं. कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देण्याचा त्यांचा व्यवसाय. लॅपटॉप जुना. चार जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०. टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, “दादा, मेमरी मोकळी करायला म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून सेटिंग केलं, तर अक्षरंच मोडली.” खरोखरच मोडली होती. काने, मात्रा, रफार सगळे करवतीच्या दात्यांसारखे दिसत होते, आणि बारीक टायपात ‘प’ कुठला नि ‘ष’ कुठला ते कळेना. दुसऱ्या एका दुकानात त्यांना स्क्रीनची केबल बदलायला सांगितलं होतं.

केबलीला काही झालेलं नव्हतं. विंडोजमध्ये एक जुनी चौकट आहे. विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबून हे टाइप केलं की ती उघडते:

```
SystemPropertiesPerformance
```

तिच्यात सावल्या, सरकणारे मेनू, उडत खाली जाणाऱ्या खिडक्या अशा गोष्टींची यादी असते आणि प्रत्येकीपुढे टिक. वर `Adjust for best performance` नावाचा पर्याय आहे. तो निवडला की सगळ्या टिका एका फटक्यात जातात. त्यात `Smooth edges of screen fonts` हीसुद्धा असते. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी ही टिक गेली की रोमन अक्षरं कशीबशी वाचता येतात. पण शिरोरेघ, जोडाक्षरं आणि वर-खाली चिकटलेल्या मात्रा असलेल्या देवनागरीची पार दशा होते. व्हिडिओ बनवणाऱ्यांना मराठीत टायपिंग करायचं नसतं, त्यामुळे हे त्यांच्या लक्षात येत नसावं. ती टिक परत लावली, `Apply` दाबलं, अक्षरं जागेवर आली. एवढ्याचे पैसे घेतले नाहीत.

पण ताई पुढे म्हणाल्या, “आता मेमरी परत भरली असेल ना?” मी म्हटलं, मोकळी झालीच नव्हती. तेव्हा त्यांनी विचारलं, “मग एवढी बटणं ठेवलीत कशाला?” या प्रश्नाचं उत्तर गिऱ्हाइकाला उभ्याउभ्या देता येत नाही. इथे देतो.

विंडोज एक्सपीच्या काळात, म्हणजे २००१ नंतर, सगळे प्रोग्रॅम पडद्याच्या एकाच चित्रावर थेट रंगवत. एक खिडकी सरकली की तिच्याखालच्या प्रोग्रॅमला उघडा पडलेला भाग पुन्हा रंगवावा लागे. तो अडकलेला असला की सरकत्या खिडकीचे ठसे पडद्यावर उमटत जात, ते अनेकांना आठवत असतील. व्हिस्टात, २००७ साली, ही पद्धत बदलली. प्रत्येक खिडकीला रंगवायला मेमरीत स्वतःचा वेगळा कागद मिळाला आणि ते सगळे कागद एकावर एक रचून अंतिम चित्र तयार करण्याचं काम एका प्रोग्रॅमकडे गेलं. त्याचं नाव `dwm.exe`, डेस्कटॉप विंडो मॅनेजर. काचेसारख्या पारदर्शक कडा त्याच्यामुळेच शक्य झाल्या. पण त्या कागदांना जागा लागते. व्हिस्टा तर प्रत्येक कागदाच्या दोन प्रती ठेवायची, एक ग्राफिक्सच्या मेमरीत आणि एक मुख्य मेमरीत. २००९ च्या विंडोज ७ मध्ये नवे ड्रायव्हर असतील तर दुसरी प्रत वाचू लागली.

आता मुद्द्याचं. व्हिस्टा आणि ७ मध्ये साधी, जुन्या वळणाची थीम लावली की हा रचणारा प्रोग्रॅम कामच थांबवायचा. कागद गेले, त्यांची जागा खरोखर मोकळी झाली. एक जीबी रॅमच्या त्या यंत्रांवर फरक डोळ्यांना दिसायचा. तेव्हा हा सल्ला बरोबर होता, मीही दिला आहे. पण २०१२ ला विंडोज ८ आलं आणि ही सोय काढून टाकली गेली. तेव्हापासून, म्हणजे १० आणि ११ मध्येही, `dwm.exe` बंद करता येत नाही. यादीतल्या सगळ्या टिका काढा, खिडक्यांचे कागद जिथल्या तिथे राहतात. सल्ला मात्र तसाच फिरतो आहे, फक्त चित्रं नव्या विंडोजची लावून.

आणि कागद गेले असते तरी किती जागा मिळाली असती? हिशेब सोपा आहे. ताईंचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. पूर्ण पडदाभर खिडकीचा एक कागद झाला चार एमबीचा. अशा दहा खिडक्या उघड्या धरल्या तरी चाळीस एमबी, म्हणजे चार जीबीतला शंभरावा हिस्सा. ब्राउझरमधलं सरकारी पोर्टलचं एकच पान कधीकधी याहून कितीतरी जास्त घेतं.

ताईंना हे पटवायला मी त्यांच्यासमोरच मोजलं. `Ctrl+Shift+Esc` दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात `Performance` खाली `Memory` मध्ये `In use` हा आकडा बघायचा. यंत्र नुकतं सुरू केलेलं, काहीही उघडलेलं नाही, तरी २.२ जीबी गेलेली. सगळ्या टिका लावून आणि सगळ्या काढून दोन्हीदा बघितलं. फरक दिसला, पण हात न लावता नुसतं बसून राहिलं तरी तो आकडा त्याहून जास्त वर-खाली होत होता. जो फरक काट्याच्या थरथरीत हरवतो, त्याला फरक म्हणत नाहीत.

मग त्यांचं रोजचं काम उघडलं: वर्ड, पोर्टलची काही पानं, कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सअ‍ॅप. आकडा साडेतीन जीबीवर गेला आणि शेजारी `Disk` शंभर टक्के झाली. खरा आजार इथे आहे. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज न लागणारी पानं डिस्कवर ठेवतं आणि लागली की परत आणतं. `resmon` टाइप केलं की जो रिसोर्स मॉनिटर उघडतो, त्याच्या मेमरीच्या भागात `Hard Faults/sec` असा आलेख असतो. नाव भीतिदायक असलं तरी बिघाड नव्हे. डिस्कवरून पान आणावं लागलं एवढाच त्याचा अर्थ. मात्र फिरती तबकडी विखुरलेली पानं सेकंदाला शंभरएक इतपतच आणू शकते. आलेख सतत शेकड्यात असला, तर यंत्र काम सोडून नुसती ने-आण करतं आहे असं समजावं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर ताई म्हणाल्या, “पण टिका काढल्यावर मला फरक जाणवला होता.” हे वाक्य मला अजून सतावतं, कारण तेही खरं होतं. खिडकी खाली जाताना किंवा वर येताना जे हलतं चित्र दिसतं, त्याला साधारण पाव सेकंद लागतो. रॅमसाठी ओढाताण चालू असली की ते हलतं चित्र अडखळतं आणि पाव सेकंदाचा अर्धा-पाऊण होतो. अ‍ॅनिमेशन काढलं की खिडकी थेट समोर येते, अडखळणं दिसतच नाही. पारदर्शकतेचंही तसंच. खिडकीमागचं चित्र धूसर करून दाखवायला ग्राफिक्सला ते सतत वाचावं लागतं, आणि वेगळं कार्ड नसलेल्या यंत्रात हे काम मुख्य रॅमच्याच वाटेवरून होतं. तेव्हा ही बटणं मेमरी देत नाहीत, वेळ देतात. थोडा, पण दिवसातून शेकडो वेळा.

म्हणून मी ती काढतो, पण आंधळेपणाने नाही. `Custom` निवडून आधी सगळ्या टिका काढायच्या आणि तीन परत लावायच्या. पहिली अक्षरांच्या कडांची. दुसरी `Show thumbnails instead of icons`, नाहीतर फोटोंच्या फोल्डरमध्ये सगळे फोटो एकाच छापाचे दिसतात. हजारो फोटोंचा फोल्डर उघडताना डिस्क गुदमरत असेल तरच ती काढावी. तिसरी `Show shadows under windows`, कारण सावली गेली की पांढऱ्या खिडकीवर पांढरी खिडकी कुठे संपते ते कळत नाही. पारदर्शकतेचं बटण या यादीत नाही. ते `Settings` मध्ये `Personalization`, त्यात `Colors` खाली `Transparency effects` या नावाने सापडतं.

ताईंची मेमरी सापडली ती टास्क मॅनेजरच्या `Startup` यादीत. कधीकाळी एका मीटिंगसाठी घेतलेला प्रोग्रॅम, फोन जोडायचा प्रोग्रॅम, घरात आता नसलेल्या प्रिंटरचा मदतनीस, असं बरंच काही रोज आपोआप सुरू होत होतं. ते बंद केलं, मुदत संपलेला एक अँटीव्हायरस काढला, तेव्हा सुमारे चारशे एमबी परत आली. शंभर खिडक्यांच्या कागदांएवढी! उरलेल्यासाठी रिकाम्या खाचेत चार जीबीची दुसरी पट्टी बसवली. पट्टी घेताना यंत्राला साधी डीडीआर३ चालते की कमी व्होल्टेजची डीडीआर३एल लागते, ते बघावंच लागतं. ताईंच्या यंत्राला दुसरी लागत होती. त्यानंतर तेच काम उघडलं, तर `Hard Faults` चा आलेख सुरुवातीला उसळला आणि तळाला जाऊन बसला.

आता माझी अडचण सांगतो. पट्टी बसवल्याचे पैसे लोक देतात, कारण पट्टी दिसते. ‘स्टार्टअप साफ केलं’ याचे द्यायला कुरकुरतात. आणि ‘इफेक्ट बंद करून द्या’ म्हणत आपणहून पैसे पुढे करणारे भेटतात, तेव्हा यातून मेमरी मिळणार नाही हे त्यांना सांगत बसावं का, असा प्रश्न पडतो. सांगतो, बहुतेकांना ते आवडत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ताईंच्या लॅपटॉपच्या वयाची यंत्रं ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यामुळे ती असतील तशी ओढत नेणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या कित्येक स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाख देऊन चिकटवलेली असते, दुसरी खाच नसते. अशा माणसाला मी काय देऊ शकतो? स्टार्टअप साफ करतो, ब्राउझरची पानं कमी ठेवा म्हणतो, आणि शेवटी त्या चौकटीत जाऊन टिका काढतो, तीन सोडून. पावतीवर ‘मेमरी’ हा शब्द लिहीत नाही.